तीन बिलं, एक रक्कम आणि मधल्या कपाती

बँकेच्या स्टेटमेंटवर एकच ओळ दिसते: कंपनीचं नाव, यूटीआर क्रमांक आणि जमा २,६०,९०० रुपये. समजा, एका भागीदारी फर्मने कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या देखभालीची तीन बिलं दिली होती. १८ टक्के जीएसटी धरून ४१ नंबरचं १,१८,०००, ४४ नंबरचं ५९,००० आणि ४७ नंबरचं ९४,४००, एकूण २,७१,४००. म्हणजे १०,५०० कमी आले.

घाईत सर्रास असं होतं की, जमा रक्कम जुन्या बिलापासून वळती केली जाते. ४१ आणि ४४ फिटतात, ४७ वर १०,५०० बाकी राहतात. मग त्याच बिलासाठी फोन सुरू होतात. कंपनीचा अकाउंटंट म्हणतो, ‘४७ चं पूर्ण दिलंय,’ आणि त्याचं म्हणणं खरंच असतं.

खुलासा कंपनीच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसमध्ये असतो. आधी त्यावरचा यूटीआर आणि निव्वळ रक्कम स्टेटमेंटशी जुळवून घ्यावी, मग एकेक बिल सोडवावं. ४१ वर २,००० आणि ४७ वर १,६०० टीडीएस गेला आहे, दुसरं काही नाही. ४४ वर मात्र १,००० टीडीएस आणि शिवाय ५,९०० ची डेबिट नोट आहे. कारण, भेटीला उशीर. टॅलीत ही जमा `On Account` न टाकता `Agst Ref` निवडून बिलवार लावली की ४१ ला बँकेतून १,१६,०००, ४४ ला ५२,१०० आणि ४७ ला ९२,८०० येतात. बेरीज बरोबर २,६०,९००.

दोन्ही कपाती एकाच खात्यात ढकलणं मला फार घातक वाटतं. टीडीएस हा आपलाच आगाऊ भरलेला कर आहे. तो ‘येणे टीडीएस’मध्ये न्यायचा आणि नंतर २६एएसमध्ये पडताळायचा. पडताळताना तारीख पाहावी: बिल मार्चमध्ये खात्याला घेऊन पैसे जूनमध्ये दिले असतील, तर टीडीएस आदल्या आर्थिक वर्षात दिसतो. रक्कमही तपासावी. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर दोन टक्के मूळ २,३०,००० वर लागतात, म्हणजे ४,६००. अ‍ॅडव्हाइसवर ५,४२८ दिसले, तर जीएसटीवरही कर कापला गेला, हे लगेच कळतं.

५,९०० चं तसं नाही. तो कंपनीचा दावा आहे, आपण अजून मान्य केलेला नाही. तोवर ते ४४ वर येणे म्हणूनच उघडे ठेवावेत आणि भेटीच्या नोंदी मागवून घ्याव्यात. उशीर खरा असेल, तर ५,००० आणि ९०० जीएसटीची क्रेडिट नोट काढावी. जीएसटी कमी करून घ्यायचा तर ती बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंत, दाखवावी लागते. उशीर झालाच नसेल, तर फोन ४४ साठी करायचा, ५,९०० साठी.