साहेबांना पुढे पाठवता येईल असा मेसेज

टाटा समूहाने २००८ मध्ये नोकरीत खंड पडलेल्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर्स’ हा उपक्रम सुरू केला. नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही अशा योजना आणल्या. पण भोसरी-चाकण पट्ट्यातल्या, शे-दीडशे माणसांच्या एखाद्या कारखान्यात अशी योजना कुठून असणार? तिथे परत यायचं तर विचारायचं जुन्या साहेबांनाच, आणि तेही बहुधा व्हॉट्सॲपवर.

तो मेसेज लिहिताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. साहेबांच्या मनात कितीही असलं, तरी ते एकटे कुणाला घेऊ शकत नाहीत. जागा मंजूर असावी लागते, एचआरला विचारावं लागतं, मालकांचा होकार लागतो. म्हणजे साहेबांना पटलं की ते पहिली गोष्ट करतात ती म्हणजे आलेला मेसेज तसाच पुढे पाठवणं. तो पुढे वाचणाऱ्या माणसाने लिहिणारीला कधी पाहिलेलंही नसतं. त्या तिऱ्हाइताला दोन मिनिटांत कळेल असा मेसेज असला, तर साहेबांचं काम सोपं होतं.

एक उदाहरण घेऊ. वाहनांचे सुटे भाग बनवणारी, वर्षाला तीस कोटींची उलाढाल असलेली कंपनी. तिथे अकाउंट्समध्ये सहा वर्षं काम केलेल्या आणि जीएसटीचं काम पाहिलेल्या एका बाईंनी जून २०२१ मध्ये घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडली. आता, २०२६ च्या सुरुवातीला, त्यांना परत यायचं आहे. अशा वेळी हाताला सहज येतो तो मेसेज असा: “सर, खूप वर्षांनी त्रास देतेय. सध्या नोकरीची फार गरज आहे. कोणतंही काम चालेल, पगार कमी असला तरी चालेल. प्लीज काहीतरी बघा.”

यातलं दुःख खरं असेल, पण साहेबांनी पुढे काय पाठवायचं? ‘कोणतंही काम’ या नावाची जागा कुठल्याच कंपनीत नसते. ‘पगार कमी चालेल’ हे वाक्य एचआरकडे पोहोचलं, की पगाराची बोलणी सुरू होण्याआधीच संपलेली असतात. आणि त्या सहा वर्षांत काय केलं, गॅपमध्ये काय बदललं, याचा मेसेजमध्ये मागमूस नाही. तो वाचून साहेबांना कणव येईल, पण मालकांना सांगायला त्यांच्या हाती काही लागणार नाही.

जीएसटीच्या कामात गॅपचा प्रश्न खराखुरा असतो, तो लपवून चालत नाही. या बाई गेल्या तेव्हा ई-इन्व्हॉइस फक्त पन्नास कोटींवरच्या उलाढालीला सक्तीचं होतं, त्यामुळे या कंपनीला ते लागू नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून मर्यादा वीस कोटींवर आली आणि कंपनी त्यात आली. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने भरलेलं बिल आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पे बदलले आणि वाहनांच्या सुट्या भागांवरचा अठ्ठावीस टक्क्यांचा दर अठरावर आला. साहेबांच्या मनात पहिली शंका हीच येणार: हिला हे माहीत आहे का?

या बाईंनी गेले चार महिने एका सीएंच्या ऑफिसात अर्धवेळ काम करून हे सगळं हाताखालून घातलं आहे. त्यांनी लिहावा तो मेसेज असा:

“नमस्कार सर. २०१५ ते २०२१ मी आपल्याकडे अकाउंट्समध्ये होते, जीएसटी रिटर्न आणि पुरवठादारांची बिलं जुळवणं माझ्याकडे होतं. घरच्या जबाबदारीमुळे मी नोकरी सोडली होती, ती जबाबदारी आता पूर्ण झाली आहे. गेले चार महिने एका सीएंकडे तीन कारखान्यांचं ई-इन्व्हॉइस आणि २बीचं काम करते आहे, सप्टेंबरमधल्या दरबदलाच्या नोंदीही मी केल्या. १ मार्चपासून पूर्णवेळ रुजू होऊ शकते. आपल्याकडे सीनियर अकाउंटंटची जागा आहे का, किंवा नव्या आर्थिक वर्षात निघणार आहे का? सीव्ही सोबत जोडला आहे. या आठवड्यात आपल्या सोयीने दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?”

गॅपचं कारण इथे एका वाक्यात आलं आणि तिथेच संपलं. आजाराचं नाव, हॉस्पिटल, खर्च यातलं काही नाही, कारण हा मेसेज अनोळखी माणसांकडे जाणार आहे. माफीही नाही. नोटीस पिरियड पूर्ण करून, रिलीव्हिंग लेटर घेऊन गेलेल्या माणसाला माफी मागण्याचं कारण नाही. मात्र नोटीस न देता सोडलं असेल, तर ते फोनवर स्वतःहून बोलावं. एचआरच्या नोंदीत ती गोष्ट असतेच, आणि साहेबांना ती तिथून कळली तर त्यांची पंचाईत होते.

सीएंकडचं काम केलं नसेल तर? मग मेसेज दोन महिने पुढे ढकलून आधी ते करावं. यूट्यूबवर पाहिलेल्या कोर्सपेक्षा प्रत्यक्ष भरलेलं एक रिटर्न मुलाखतीत जास्त बोलतं.

वेळही सांभाळायची. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ ची मुदत असते, २० तारखेला ३बीची. त्या दिवसांत अकाउंट्सच्या साहेबांना श्वास घ्यायला फुरसत नसते. २२-२३ तारखेला, कामाच्या दिवशी सकाळी पाठवलेला मेसेज वाचला जाण्याची शक्यता जास्त. मार्च अखेर तर पूर्ण टाळावी. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा चांगला, कारण पुढच्या वर्षाच्या जागांचा विचार तेव्हा चालू असतो.

उत्तरातही बरंच कळतं. “कधी जॉइन होशील?”, “अपेक्षा किती?” असं साहेबांनी विचारलं, तर जागा आहे किंवा होते आहे. नुसतं “बघतो” आलं, तर आठ-दहा दिवसांनी एकदाच विचारावं: “सर, सध्या जागा नसेल तर एचआरमध्ये कुणाशी बोलू?” या प्रश्नाला साहेबांना संकोच न वाटता उत्तर देता येतं. त्यालाही उत्तर नाही आलं, तर थांबून दुसऱ्या कंपन्यांकडे अर्ज करावेत.

पगाराचा आकडा मेसेजमध्ये घालू नये, पण तयार ठेवावा. तो २०२१ च्या शेवटच्या पगारावर बेतायचा नाही. आज त्याच पट्ट्यात त्याच पदाला काय मिळतं, हे दोन-तीन जणांना विचारून ठरवावा.

होकार आलाच, तर नेमणूकपत्र नीट वाचावं. पीएफचा यूएएन जुनाच राहतो, तो रुजू होताना द्यायचा. पण सहा वर्षांची ग्रॅच्युइटी जाताना घेतलेली असल्यामुळे आताची नोकरी नवी धरली जाते, आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं साधारणपणे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. रजा आणि ज्येष्ठतेसाठी जुनी सेवा धरणार की नाही, हे सही करण्याआधी एचआरकडून लेखी घ्यावं.