नवी बॅटरी भरताना

आपल्या एमटी शेडमधल्या मोटारसायकलची बॅटरी गेल्या डिसेंबरात बसली. सकाळची थंडी, सेल्फ दाबला की नुसता टक्‌ असा आवाज. बॅटरी साडेचार वर्षांची होती, तिने तिची नोकरी पूर्ण केली होती. नवी बॅटरी आली ती खोक्यात कोरडी, आणि सोबत ॲसिडचा पॅक. मोटर क्लबचे कॅडेट भोवती जमले. अकरावीतल्या एकाने विचारले, "उस्ताद, ॲसिड ओतून लगेच गाडीला लावू का? संध्याकाळी गाडी लागणार आहे."

हीच घाई मी नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी केली होती. रजेवर घरी गेलो असताना वडिलांच्या स्कूटरची नवी बॅटरी भरली, अर्ध्या तासात लावली, स्कूटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. वडील खूश, मीही खूश. पाच महिन्यांत ती बॅटरी संपली. मी दुकानदाराला दोष दिला. चूक माझी होती, हे पुढे वर्कशॉपमध्ये शिकलो. म्हणून त्या दिवशी कॅडेटला म्हणालो, "गाडी उद्या निघेल. आज बॅटरीचं काम नीट करू."

आधी ही घाई का नडते ते पाहू. कोरड्या बॅटरीच्या प्लेटा कारखान्यातच चार्ज करून, मग वाळवून आत बंद केलेल्या असतात. धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड असतो आणि ऋण प्लेटवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे. ॲसिड नाही म्हणून वीज नाही, एवढेच. पण हे सच्छिद्र शिसे हवेतल्या ऑक्सिजनला आणि ओलाव्याला पटकन बळी पडते. खोके गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिले की थोडे शिसे गंजून शिशाचा ऑक्साइड होतो. तुम्ही ॲसिड ओतलेत की तो ऑक्साइड ॲसिडशी लढतो: उष्णता निघते, थोडे ॲसिड खर्च होते, पाणी तयार होते आणि प्लेटवर शिशाचे सल्फेट बसते. म्हणजे भरल्याबरोबर बॅटरी पूर्ण चार्ज नसते. गाडी सुरू करण्याइतकी ताकद तिच्यात असते, म्हणूनच माणूस फसतो. सल्फेटचा तो थर पहिल्या चार्जिंगमध्ये परत शिसे झाला नाही, तर दिवसागणिक कडक होत जातो आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. छोट्या फेऱ्यांत गाडीचे चार्जिंग ही कसर भरून काढत नाही.

आता काम. आपली बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची, मेन्टेनन्स-फ्री जातीची, म्हणजे एकदा भरून बंद केली की पुन्हा न उघडायची. अशा बॅटरीसोबत तिच्याच मापाचे ॲसिड येते. हे ॲसिड जुन्या पद्धतीच्या, पाणी घालायच्या बॅटरीतल्या ॲसिडपेक्षा जास्त तीव्र असते आणि मोजून भरलेले असते. त्यामुळे पॅक सांडला तर बाजारातले सुटे ॲसिड आणून भागवायचे नाही, त्याच बॅटरीचा पॅक मागवायचा.

जागा उघड्यावर किंवा मोठ्या दारापाशी घेतली. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि खाण्याचा सोडा विरघळवलेला एक डबा. सोडा जमिनीवर किंवा टेबलावर सांडलेल्या ॲसिडसाठी. अंगावर ॲसिड आले तर फक्त भरपूर पाणी, आणि डोळ्यात गेले तर निदान १५ मिनिटे वाहते पाणी आणि तसेच एमआय रूममध्ये. डोळ्यात सोडा कधीही घालायचा नाही. बॅटरी गाडीत बसवून भरू नये. सपाट टेबलावर ठेवावी.

बॅटरीच्या डोक्यावर चिकटवलेली चंदेरी पट्टी आहे. ती सोलली की खाली सहा भोके दिसतात, कारण १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. ही पट्टी भरायच्या क्षणापर्यंत काढायची नाही, नाहीतर ओली हवा आत शिरते आणि वर सांगितलेला गंज सुरू होतो.

ॲसिडचा पॅक म्हणजे एका ओळीत जोडलेल्या सहा छोट्या बाटल्या. त्यांच्या तोंडावर सहा बुचांची एक काळी पट्टी बसवलेली असते. ती काढा, पण टाकू नका. तीच पुढे बॅटरीचे झाकण होणार आहे. पट्टी काढल्यावर प्रत्येक बाटलीच्या तोंडावर पातळ फॉइल दिसते. इथेच नव्या माणसाचा हात चुकतो. बॅटरीवरची पट्टी सोलली, म्हणून तो हेही फॉइल सोलायला जातो किंवा स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडतो. तसे केले तर पॅक उलटा करताच ॲसिड हातावर येते. ते फॉइल फोडायचे काम बॅटरीच्या भोकांतल्या टोकदार नळ्या करतात.

पॅक उलटा धरला, सहा तोंडे सहा भोकांवर सरळ आणली आणि दोन्ही हातांनी सरळ खाली दाबली. तिरका दाबला तर एखादे फॉइल अर्धवटच फाटते. ॲसिड खाली उतरू लागले आणि आतली हवा बुडबुड्यांनी वर बाटल्यांत येऊ लागली. हे बुडबुडे म्हणजे आपली खूण. मी कॅडेटना म्हणालो, "सहाही बाटल्या मोजा."

"उस्ताद, पाचांतच येतायत. चौथी गप्प आहे."

चौथ्या बाटलीतली पातळी खरोखरच हलत नव्हती. एकाचा हात पॅक उचलायला पुढे आला, तो मी धरला. अर्ध्यावर पॅक काढला तर फाटलेल्या फॉइलमधून उरलेले ॲसिड बाहेर सांडते आणि ते घर कायमचे उपाशी राहते. बाटली पिळायची नाही, वरून कापायची किंवा टोचायचीही नाही. बाटलीच्या वर आलेल्या बुडावर बोटाने दोन-तीन वेळा हलकेच टिचकी मारली. चौथ्या टिचकीला पहिला बुडबुडा आला आणि मग ती बाटलीही चालू लागली. २० मिनिटे पॅक तसाच राहू दिला. सहाही बाटल्या रिकाम्या झाल्याची खात्री करून, शेवटचे थेंब पडण्यासाठी पुन्हा टिचकी मारून, पॅक सरळ वर उचलला.

मग बुचांची पट्टी भोकांवर नुसती ठेवली, दाबली नाही. आता ॲसिड प्लेटांच्या मधल्या काचतंतूंच्या चटईत मुरायला वेळ हवा. एवढ्या बॅटरीला निदान अर्धा तास, मोठीला एक तास. या वेळात बॅटरी कोमट होते, त्याने घाबरू नये. हात ठेववणार नाही इतकी तापली, तर प्लेटा साठवणीत बऱ्याच गंजलेल्या होत्या असे समजावे.

अर्ध्या तासाने मीटर लावला: १२.४ व्होल्ट. कॅडेटला विचारले, "चौथे घर कोरडे राहिले असते तर?" एक घर साधारण २.१ व्होल्टचे. त्याने हिशेब केला आणि म्हणाला, "साडेदहाच्या आसपास किंवा काहीच नाही." बरोबर. म्हणून या टप्प्यावर मीटर लावल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पहिल्या चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवायचा. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. कारच्या बॅटरीसाठीचा पाच-दहा अँपिअरचा चार्जर लावला तर बॅटरी तापते, आतले पाणी वायू होऊन उडते, आणि या बॅटरीत ते परत घालता येत नाही. चार्जर बंद असतानाच लाल चिमटा धन टोकाला, काळा ऋण टोकाला लावला, मग बटण. काढताना उलट: आधी बटण बंद, मग चिमटे. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी पडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने तो पेटू शकतो. बुचे नुसती ठेवायची ती यासाठीच, वायूला वाट हवी.

चार्जिंगला ५ ते १० तास लागतात. खोके किती जुने, त्यावर ते ठरते. आमची बॅटरी सकाळी दहाला लावली. कॅडेटनी दर तासाला हात लावून पाहिले आणि वहीत लिहिले. हाताला चटका बसेल इतकी, म्हणजे ४५ अंशांच्या वर गेली तर चार्जिंग थांबवून थंड होऊ द्यायचे. तशी वेळ आली नाही. संध्याकाळी पाचला चार्जर बंद केला आणि तेव्हा कुठे बुचांची पट्टी दोन्ही तळव्यांनी सहाही ठिकाणी एकसारखी दाबून बसवली. यानंतर ती आयुष्यात उघडायची नाही.

चार्जर काढताच दिसणारा व्होल्टेज खोटा असतो, फुगलेला असतो. बॅटरी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मीटरने १२.९ दाखवले. १२.८ किंवा अधिक म्हणजे काम झाले. १२.५ च्या आसपासच थांबली असती तर पुन्हा काही तास चार्ज केली असती, आणि तरीही चढली नसती तर परत केली असती.

गाडीत बसवताना आधी धन तार, मग ऋण. गाडीची चौकट ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे ऋण तार आधी लावली आणि धन आवळताना पाना चौकटीला लागला तर सरळ शॉर्ट होतो. शेवटी बॅटरीच्या अंगावर मार्करने भरल्याची तारीख लिहिली.

पालकांसाठी एक सांगणे. दुकानात बॅटरी घेताना ती तुमच्यासमोर भरून दहा मिनिटांत हातात दिली, तर पहिले चार्जिंग झालेले नाही. सकाळी बॅटरी भरायला देऊन दुसऱ्या दिवशी न्यायला या आणि नेताना मीटरचा आकडा पाहा. वडिलांच्या स्कूटरच्या वेळी मी एक दिवस थांबलो असतो, तर बॅटरीचे पैसे दोनदा भरावे लागले नसते.