पंपावर सांडलेलं साठ लिटर

मे महिन्यातली दुपार. तालुक्याच्या गावाबाहेर, राज्य महामार्गाला लागून असलेल्या एका पेट्रोल पंपावर टँकर खाली व्हायला उभा आहे. चार-चार हजार लिटरचे तीन कप्पे, त्यांतल्या एकात पेट्रोल, दोनांत डिझेल. इंजिन बंद आहे, चाकांना ठोकळे लावलेत, अर्थिंगची क्लिप जोडली आहे. डिप घेऊन झाला, घनता तपासून झाली, होज जोडला आणि क्लिनरने व्हॉल्व्ह उघडला. होजच्या कपलिंगला दोन कान असतात. दोन्ही पूर्ण मिटले की पकड बसते. त्यातला एक कान अर्धवट राहिला होता. पेट्रोलचा जोर येताच होज टँकरकडच्या टोकाला निसटला आणि धार थेट काँक्रीटवर पडली. क्लिनरने व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा पाच सेकंद गेले होते.

हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातला एकही तपशील अनोखा नाही. आता पहिला प्रश्न असा की, पाच सेकंदांत किती सांडलं? घाबरलेला माणूस ‘खूप सांडलं’ म्हणतो, सावरून घेणारा ‘थोडंसंच’ म्हणतो. दोन्ही उत्तरं निरुपयोगी आहेत. कुठवर माणसं मागे हटवायची, कोणतं गटार आधी अडवायचं आणि अग्निशमन दलाला फोनवर काय सांगायचं, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आकडा काढणं अवघड नाही. टँकरमधून पेट्रोल पंपाने ओढून काढत नाहीत, ते उंचीच्या जोरावरच खाली येतं. कप्पा भरलेला असताना व्हॉल्व्हच्या वर साधारण सव्वा मीटर उंचीचा द्रवस्तंभ असतो. त्या दाबाने धार सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने बाहेर पडू पाहते. तीन इंची तोंड, व्हॉल्व्हमधला अडथळा आणि आकसणारी धार हे सगळं धरलं तर प्रवाह सेकंदाला दहा लिटरच्या आसपास येतो. म्हणजे पाच सेकंदांत पन्नास लिटर. होजच्या प्रत्येक मीटरमध्ये साडेचार लिटर मावतं. त्यातलं बरंचसं जमिनीखालच्या टाकीत उतरलं, तरी निसटलेल्या टोकातून आठ-दहा लिटर बाहेर आलंच असेल. अंदाज साठ लिटरचा. चार-दोन लिटर इकडेतिकडे झाले तरी निर्णय बदलत नाही. सहा लिटर आणि सहाशे लिटर यांतला फरक मात्र ताबडतोब कळायला हवा, आणि तो सेकंद मोजल्याने कळतो.

आता या साठ लिटरचं काय होतं ते पाहू. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोलचा ज्वलनांक उणे चाळीस अंश सेल्सियसच्याही खाली आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी ते पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतंच. डिझेलचं तसं नसतं. म्हणून आपल्या पेट्रोलियम नियमांत पेट्रोल ‘अ’ वर्गात आणि डिझेल ‘ब’ वर्गात आहे. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांहून कमी असेल तर ठिणगी पडूनही आग लागत नाही, आणि ७.६ टक्क्यांहून जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. धोका या दोन मर्यादांच्या मधे असतो. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर सुमारे दोनशे लिटर वाफ होते. ती हवेत १.४ टक्क्यांपर्यंत पसरली तर जवळपास चौदा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच खोली म्हणजे इतकीच हवा. लिटरमागे अशी एक खोली! उघड्यावर वारा ही वाफ पातळ करत राहतो, म्हणून साठ खोल्या एकदम भरत नाहीत. पण वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी उतार शोधत जमिनीलगत सरकते. वारा पडलेला असेल तर ती आधी गटारात, फिलर पॉइंटच्या खड्ड्यात आणि मॅनहोलमध्ये साठते, आणि रस्त्यापलीकडे चहाचा स्टोव्ह असेल तर तिथवरही पोहोचू शकते.

नाकावर इथे भिस्त ठेवता येत नाही. पेटण्याजोग्या प्रमाणाच्या कितीतरी पट कमी वाफ असतानाही वास येतो, आणि काही वेळाने नाक त्याला सरावतं. वास येतो म्हणजे पेट्रोल आहे, एवढंच खरं. धोका किती आहे हे वायुमापक उपकरणच सांगतं, आणि तेही घोट्याच्या उंचीवर धरलं तर. छातीच्या उंचीवर धरलेलं उपकरण शून्य दाखवत असेल, त्या वेळी पायाशी भडका उडण्याइतकी वाफ असू शकते.

ठिणगीची साधनं दूर करणं म्हणजे काय, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. लोकांचं लक्ष पहिल्यांदा मोबाइलकडे जातं. मोबाइल बाहेर काढू नये हे ठीकच, पण त्याहून मोठे धोके आधी पाहायला हवेत. रांगेतल्या दुचाकीस्वाराची पहिली प्रतिक्रिया किक मारून किंवा बटण दाबून निघून जाण्याची असते. नेमकं तेच करायचं नाही. गाडी ढकलत, वाऱ्याच्या उलट दिशेने न्यायची. टँकरही सुरू करून बाजूला घ्यायचा नाही. डिझेल इंजिनाने हवेबरोबर पेट्रोलची वाफ ओढली तर त्याला फुकटचं इंधन मिळतं. मग ते किल्ली फिरवूनही थांबत नाही, बेभान वेगाने फिरत राहतं आणि स्वतःच आगीचं कारण बनतं.

वीज तोडायची, पण कुठून? मुख्य स्विच वाफेच्या टप्प्यात असेल तर तो बंद करतानाच ठिणगी पडते. म्हणून वीज दूरच्या, वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या पॅनेलवरून तोडायची. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, जनरेटर, ऑफिसातला फ्रिज ही आपोआप सुरू होणारी यंत्रं सहज विसरली जातात. कोणी बटण न दाबता, वाफ पसरलेली असतानाच ती सुरू होऊ शकतात.

आणि स्थिर विद्युत. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिजूल ऊर्जा पुरते. माणसाचं शरीर विद्युतभार साठवतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात, सिंथेटिक कपडे घालून गाडीच्या सीटवरून उठलेल्या माणसावर काही हजार व्होल्ट सहज येतात. पाव मिलिजूलला साधारण अठराशे व्होल्ट पुरतात, आणि एवढ्या ठिणगीचा झटका बहुतेकांना जाणवतही नाही. म्हणून सांडल्यावर घाईघाईने अर्थिंगची क्लिप काढायची नसते. ती निघण्याच्या क्षणीच ठिणगी पडू शकते. प्लास्टिकच्या बादलीने आणि सुपलीने पेट्रोल उपसू नये, याचंही कारण तेच.

आता वाळू. पंपावर लाल बादल्यांमध्ये ती भरून ठेवलेली असते. अनेक ठिकाणी ती सांडलेल्या पेट्रोलच्या मधोमध भिरकावली जाते, आणि मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. हिशोब करून पाहा. नऊ लिटरच्या चार बादल्या म्हणजे छत्तीस लिटर वाळू. तिच्या कणांमधली पोकळी फार तर तेरा-चौदा लिटर. साठ लिटर पेट्रोल ती शोषूच शकत नाही. पण तीच वाळू पाच सेंटिमीटर उंच आणि तळाशी पंधरा सेंटिमीटर रुंद अशा बांधासारखी रचली तर मीटरमागे चार लिटरही लागत नाही. चार बादल्यांत नऊ मीटरचा बांध होतो! शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही; पाणी अडवायचं तर माती उताराच्या तोंडाशी घालतात, वाफ्याच्या मधे नाही. पहिली बादली गटाराच्या जाळीवर, दुसरी रस्त्याकडच्या उतारावर. बांधातून पेट्रोल पाझरतंच, पण मिनिटं हाती लागतात. भिजलेली वाळू वाफ सोडत राहते, हेही विसरायचं नाही. वाफ दाबायची तर फेस लागतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्याने तो अल्कोहोलला टिकणाऱ्या प्रकारचाच हवा, कारण साधा फेस इथेनॉलमुळे लवकर मोडतो. त्यामुळे अग्निशमन दलाला फोनवर ‘पेट्रोल’ एवढंच न सांगता ‘इथेनॉलमिश्रित पेट्रोल, साठ लिटर, गटार अडवलं आहे’ असं सांगावं.

पाण्याचा पाइप मात्र लावू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत गटारात जातं, त्यातलं इथेनॉल पाण्यात विरघळून आणखी पुढे जातं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात १९९२च्या एप्रिलमध्ये वाहिनीतून गळलेलं पेट्रोल भुयारी गटारांत शिरलं होतं. रहिवासी काही दिवस वासाची तक्रार करत होते. २२ एप्रिलला गटारांचे स्फोट होत गेले, किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते उखडले आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. तिथे पेट्रोल साठ लिटरहून कितीतरी जास्त होतं, पण बंद गटारात वाफ साठण्याची रीत सगळीकडे सारखीच.

वाफ विरल्यावर पहिला अंदाज पडताळायचा. ओल्या डागाची कड सुरुवातीलाच, सुरक्षित अंतरावरून खुणा लक्षात ठेवून नोंदलेली असली पाहिजे. उन्हात तापलेल्या काँक्रीटवर पातळ कड काही मिनिटांत सुकते आणि डाग लहान दिसू लागतो. आपल्या उदाहरणात डाग नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद, लंबगोल होता. क्षेत्रफळ जवळपास पन्नास चौरस मीटर. गुळगुळीत काँक्रीटवर पेट्रोलचा थर साधारण ०.७ मिलिमीटरचा धरतात, म्हणजे पस्तीस लिटर. बांधाशी तीन मीटर बाय दोन मीटरचं डबकं, सरासरी चार मिलिमीटर खोल, म्हणजे चोवीस लिटर. बेरीज एकोणसाठ.

तिसरी पडताळणी डिपने. या कप्प्याच्या वरच्या भागात मिलिमीटरला तीन लिटर धरू. पातळी चोवीस मिलिमीटर उतरली, म्हणजे बहात्तर लिटर गेलं. त्यातलं बारा होजमधून टाकीत पोहोचलं. राहिलं साठ. हा मेळ जमिनीखालच्या टाकीच्या डिपवरून मात्र बसत नाही. वीस हजार लिटरच्या टाकीत निम्म्या उंचीवर एक मिलिमीटर म्हणजे तेरा लिटर, आणि दोन-तीन मिलिमीटरची चूक कुणाच्याही हातून होते. शिवाय टँकरमधलं चार हजार लिटर पेट्रोल जमिनीखाली आठ अंशांनी थंड झालं की सुमारे अडतीस लिटरने आकसतं. सांडलं नसतानाही घट दिसते, आणि सांडलेलं त्या घटीत लपूनही जातं. त्यामुळे ‘टाकीचा हिशोब जुळला, म्हणजे काही सांडलं नाही’ हे विधान मी कधीच मान्य करणार नाही.

भिजलेली वाळू घातक कचरा असते. ती झाकणाच्या लोखंडी पिंपात भरून अधिकृत विल्हेवाटीला पाठवायची, पंपामागच्या रिकाम्या जागेत किंवा विहिरीजवळ पसरायची नाही. विक्री पुन्हा सुरू करण्याआधी गटार, मॅनहोल आणि फिलर पॉइंटच्या खड्ड्यात वायुमापक घालून पाहायचा. खालच्या स्फोटक मर्यादेच्या दहा टक्क्यांहून जास्त वाचन असेल तर थांबायचं.

पंपावर टँकर खाली होत असताना आपण रांगेत असू आणि पेट्रोलचा झोत पडताना दिसला, तर एवढं करा. गाडी सुरू करू नका. उतरा, गाडी ढकलता आली तर ढकला, नाही तर तिथेच सोडा, आणि वारा समोरून येत असेल त्या दिशेने किमान पन्नास मीटर चालत जा.