गेटवरची नोंद कोणाकोणाला दिसते?

कामवाल्या मावशींनी सकाळी ७.४० ला सोसायटीच्या गेटवर कोड सांगितला की गेटच्या ॲपवर त्यांची हजेरी लागते. काही ॲपमध्ये त्यांचा फोटो आणि त्या कोणकोणत्या फ्लॅटमध्ये जातात ती यादी सगळ्याच रहिवाशांना दिसते. मावशींना मात्र कुणी विचारलेलं नसतं! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व असं, की माहिती कशासाठी घेतली ते सांगायचं आणि गरज संपली की पुसायची. सीसीटीव्हीची डिस्क भरली की जुन्या चित्रणावर सहसा नवं आपोआप चढतं. ॲपमधली नोंद मात्र पुसायची मुदत ठरवली नसेल तर सर्व्हरवर पडून राहू शकते. कमिटीला विचारा, ही मुदत किती दिवसांची? आणि मागच्या सेक्रेटरींचं ॲडमिन लॉगिन बंद केलं का?