आपलाच आवाज परत का ऐकू येतो?

नवा कॅमेरा भिंतीवर लागला की माणूस त्याच्यासमोरच उभा राहतो आणि मोबाइलवरून ‘हॅलो’ म्हणतो. लगेच कानठळ्या बसवणारी शिट्टी! कॅमेरा खराब निघाला, असं वाटतं. पण दोष उभं राहण्याच्या जागेचा असतो. मोबाइलमध्ये बोललेलं कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतं, ते कॅमेऱ्याचा माइक उचलतो, मोबाइलचा स्पीकर पुन्हा वाजवतो आणि मोबाइलचा माइक तेच परत आत घेतो. प्रत्येक फेरीत आवाज वाढत जातो. दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावा किंवा इअरफोन घाला, शिट्टी थांबते.

प्रतिध्वनीचं दुखणं वेगळं. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा घ्या. त्याच्या ऑडिओ आउटला ॲम्प्लिफायरवाला स्पीकर जोडून तो कॅमेऱ्याखालीच ठोकलेला आहे. सेक्रेटरी घरातून म्हणतात, “काका, टेम्पो आत घ्या.” सेकंदभराने तेच वाक्य त्यांच्याच कानावर येतं. वॉचमनकाकांना मात्र सगळं स्वच्छ ऐकू येतं. दोष शोधण्याची खूण इथेच आहे: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्या समोरच्या टोकाला बिघाड असतो. म्हणजे इथे मोबाइल बदलून काही होणार नाही, गेटवरच जायला हवं.

अनेक कॅमेऱ्यांत प्रतिध्वनी पुसण्याची सोय असते. स्पीकरकडे काय पाठवलं हे कॅमेऱ्याला ठाऊक असतं. माइकमधून तेच आलं की तो ते वजा करतो. पण स्पीकरचा आवाज फाटला, तर मूळ आणि परत आलेला आवाज जुळत नाहीत आणि वजाबाकी फसते. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज उशिरा पोचतो, तेव्हाही तेच. म्हणून तारेचा स्पीकर बरा.

आधी स्पीकर हलवा. तो कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर दूर, शक्यतो माइकच्या मागच्या बाजूला आणि तोंड माणसांकडे करून लावा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. पोर्चच्या स्लॅबखाली इतका फायदा मिळत नाही, कारण तिथे भिंती आवाज परत फेकतात. दोन्ही एकाच पत्र्यावर ठोकू नका. कंपनं धातूतूनही माइकपर्यंत जातात.

मग सेटिंग. स्पीकर फाटणार नाही इतपत खाली आणा, त्यानंतर माइकचा इनपुट व्हॉल्यूम कमी करा. माइक आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती बंद करून पाहा, कारण शांतता झाली की ती माइक इतका वाढवते की स्पीकरची कुजबुजही आत येते. प्रतिध्वनी पुसण्याचा पर्याय मात्र चालू ठेवा.

एवढं करूनही राहिलंच, तर बटण दाबून बोलण्याची पद्धत निवडा. त्यात आपण बोलताना पलीकडचा आवाज बंद असतो. बोलणं संपल्यावर क्षणभर थांबून बटण सोडायचं, नाहीतर वाटेत असलेला शेवटचा शब्द परत येतो.