न लिहिलेलं वाक्य

कोल्हापुरात महापुरावर निबंध लिहायला सांगितला, तर वर्गातल्या निम्म्या वह्यांत अलमट्टी येणारच. समजा, एका वहीतला तिसरा परिच्छेद असा आहे: '2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत अलमट्टी धरणात पाणी साठवलेलं होतं. धरण होण्याआधी असा पूर कधी आला नव्हता. म्हणजे कोल्हापूर बुडवतं ते अलमट्टीच.' सरांनी वह्या अदलाबदल करून एकमेकांना अभिप्राय लिहायला सांगितलं आहे. ही वही तुमच्यासमोर आली. आता काय लिहाल?

बहुतेक जण दोनच गोष्टी लिहितात. एक, 'नाद खुळा! मस्त झालाय.' दुसरी, 'मुद्दा पटत नाही.' पहिलीने मित्र खूश होतो, दुसरीने रुसतो, आणि निबंध दोन्ही वेळा होता तसाच राहतो. गंमत अशी की परिच्छेद कच्चा आहे हे वाचणाऱ्याला लगेच जाणवतं, पण कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. कारण त्यातली पहिली दोन वाक्यं, एकेकटी घेतली, तर ठीकच आहेत.

याचं उत्तर स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 साली एका पुस्तकात दिलं, आणि ते कळल्यावर कुठलाही निबंध वाचायची नजरच बदलते. त्याचं उदाहरण अगदी साधं होतं. हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन. वाचताना खटकत नाही. पण पुरावा आणि निष्कर्ष यांच्या मधोमध एक तिसरं वाक्य दडलेलं आहे: बर्म्युडात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन असतो. ते कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते लिहिण्याइतकंही वेगळं वाटत नाही. युक्तिवाद बहुतेक वेळा तिथेच मोडतो.

आपल्या परिच्छेदातलं दडलेलं वाक्य बाहेर काढून बघा. 'अलमट्टीत पाणी साठलेलं असलं की त्याचा फुगवटा मागे सरकत थेट कोल्हापुरातल्या पंचगंगेची पातळी चढवतो.' निबंधात हे कुठेच नाही, आणि सगळा डोलारा मात्र याच वाक्यावर उभा आहे. ते कागदावर आलं की तपासता येतं. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी 519.6 मीटर. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 543 मीटर. धरणातलं पाणी कोल्हापूरच्या धोका पातळीपेक्षा वीस मीटरहून अधिक खाली आहे. शिवाय पंचगंगा आधी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि मग कृष्णा कर्नाटकात अलमट्टीकडे जाते.

इथे एक मोह होतो, आणि हुशार मुलं त्यात हमखास सापडतात. हे आकडे मित्राच्या तोंडावर फेकून 'अलमट्टीचा काही संबंध नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. पण हा उलटा निष्कर्षही या आकड्यांतून निघत नाही. वाहत्या नदीचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो. खालचं पाणी तुंबलं की वरून येणारं पाणी संथ होऊ शकतं, पूर ओसरायला वेळ लागू शकतो. राज्य सरकारने 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही, तरी धरणाची उंची 524 मीटरपर्यंत वाढवायला महाराष्ट्राचा विरोध कायम आहे. अभिप्राय देणाऱ्याचं काम हा वाद मिटवण्याचं नाही. मित्राने युक्तिवादाचा कुठला खांब उभा केलेला नाही, एवढंच दाखवायचं.

मग चिठ्ठी अशी होईल:

'पुराच्या पातळीचा आकडा दिलास ते फार बरं केलंस, त्यामुळे पुढचं तपासता आलं. माझा प्रश्न तिसऱ्या परिच्छेदाबद्दल आहे. धरणात पाणी होतं आणि इथे पूर आला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे तू दाखवलंस. पहिलीमुळे दुसरी घडली हे अजून दाखवलेलं नाहीस. तुझ्या मनात "फुगवटा कोल्हापूरपर्यंत पोचतो" असं वाक्य आहे का? असेल तर ते लिही आणि त्याला पुरावा दे. दोन्हीकडच्या पातळ्यांत वीस मीटरहून अधिक फरक आहे, त्याचं उत्तर त्यात हवं. "आधी असा पूर आला नव्हता" हे वाक्य पुन्हा बघ. 1989 चा पूर घरची मोठी माणसं अजून सांगतात, आणि तेव्हा अलमट्टी पूर्ण झालेलं नव्हतं. मला वाटतं, पूर येणं आणि पूर लवकर न ओसरणं हे दोन वेगळे मुद्दे तू एकत्र केलेस. दुसरा कदाचित सिद्ध करता येईल.'

या चिठ्ठीत शुद्धलेखनाचा एकही शब्द नाही, हे मुद्दाम. ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा खुणा केल्या की मित्र त्या दहा दुरुस्त करतो आणि तिसरा परिच्छेद जसाच्या तसा पुन्हा आणून देतो. 'तू विचार केला नाहीस' असंही तिच्यात नाही, आणि त्याला कारण आहे. 1996 साली क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी काढली तर अभिप्रायाने काम सुधारत होतं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं! त्यांचं स्पष्टीकरण असं की, अभिप्रायाने लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की माणूस स्वतःला सावरत बसतो आणि काम मागे पडतं. कोरडी स्तुतीही तेच करू शकते. म्हणून वरच्या चिठ्ठीतली स्तुती आकड्याची आहे, मित्राच्या हुशारीची नाही. गोड बोलण्यापेक्षा हा नेमकेपणा मला जास्त प्रेमळ वाटतो.

चिठ्ठी लागू पडली की नाही, हे पुढच्या खर्ड्यात दिसतं. मित्राने फक्त खटकणारं वाक्य खोडलं असेल, तर तो घाबरला. 'अलमट्टीच जबाबदार' मधला 'च' काढून 'काही प्रमाणात' घातलं असेल, तर त्याने पळवाट काढली, विचार केला नाही. पण दावाच बदलून 'अलमट्टीची पातळी जास्त असताना पंचगंगेचा पूर ओसरायला जास्त दिवस लागतात' असा झाला असेल, तर चिठ्ठीने काम केलं. हा दावा लहान आहे, पण तपासता येतो. 2005, 2019 आणि 2021 या पुरांत पाणी शिखरावरून 43 फुटांखाली यायला किती दिवस लागले आणि त्या दिवसांत अलमट्टीची पातळी काय होती, असे दोन रकाने मांडले की झालं. त्या दिवसांतला पाऊस आणि राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतून आलेलं पाणी हा तिसरा रकाना, कारण तोच दोष द्यायला दुसरा उमेदवार आहे. कदाचित दावा खोटा ठरेल. तरी निबंध आधीपेक्षा चांगलाच असेल.

या प्रकाराला मर्यादा आहे. वर्गमित्राला जलशास्त्र येत नसतं. दिलेला आकडाच चुकीचा असेल तर तो त्याच्या नजरेतून सुटेल. तुटलेला दुवा मात्र विषय फारसा माहीत नसलेल्यालाही दिसतो, किंबहुना त्यालाच आधी दिसतो, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं गृहीत वाक्य त्याच्या डोक्यात नसतं.

आणि फायदा कुणाचा जास्त? लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एका गटाने दुसऱ्यांच्या निबंधांवर फक्त अभिप्राय द्यायला शिकायचं, दुसऱ्याने मिळालेला अभिप्राय फक्त वापरायला. सत्राच्या शेवटी स्वतःचं लेखन जास्त सुधारलं होतं ते अभिप्राय देणाऱ्या गटाचं.