गालाची खूण आणि उघडं तोंड

मांजर असलेल्या घरात दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीत-सव्वावीत उंचीला, एक तेलकट तपकिरी डाग हळूहळू उमटतो. पलंगाच्या पायावर आणि कपाटाच्या कोपऱ्यावरही तसाच डाग दिसतो. पुसला तरी काही दिवसांत तो परत येतो, कारण जाता-येता मांजर तिथेच तोंड घासतं: आधी हनुवटी, मग ओठाचा कोपरा, गाल आणि शेवटी डोळा व कान यांच्यामधला विरळ केसांचा भाग. या सगळ्या जागी त्वचेत स्निग्ध स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. आपल्या नाकाला त्या स्रावाचा पत्ताही लागत नाही. मांजराला मात्र त्यावरून कळतं की ही जागा ओळखीची आहे, इथे बिनधास्त वावरावं.

पात्रिक पाझा या फ्रेंच पशुवैद्याने 1990च्या दशकात हे स्राव तपासले, तेव्हा त्यात पाच वेगवेगळी मिश्रणं सापडली. त्यांपैकी तिसरं मांजर वस्तूंना लावतं, तर चौथं ओळखीच्या मांजरांना आणि माणसांना. आपण बाहेरून आलो की शेपूट ताठ उभी करून ते पायात घुटमळतं. त्यात माया असतेच, पण रस्त्यावरचे परके वास अंगावर घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा घरातला करून घेण्याचं कामही त्यात चालू असतं. जिथे गालाची खूण आहे, तिथे मांजर सहसा मुताची फवारणी करत नाही. याच गोष्टीच्या आधारे तिसऱ्या मिश्रणाची कृत्रिम नक्कल तयार झाली. ती प्लगला लावायच्या बाटलीत मिळते. काही मांजरांवर तिचा गुण येतो, काहींवर येत नाही. तपासण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, म्हणून तिला रामबाण समजू नये.

फवारणीची तऱ्हा निराळी. मांजर भिंतीकडे पाठ करून उभं राहतं, शेपूट वर करून तिचं टोक थरथरवतं आणि थोडंसं मूत मागे उडवतं. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं एक द्रव्य असतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त असतं. बाहेर पडताना त्याला फारसा वास नसतो. हवेत ते हळूहळू मोडतं आणि त्यातून गंधकयुक्त उग्र द्रव्यं सुटत राहतात. म्हणून जिन्यातला बोक्याचा वास दुसऱ्या दिवशी जास्त झोंबतो. मांजरासाठी या मोडण्यातच बातमी आहे: कोण आला होता, ओळखीचा की परका आणि किती वेळापूर्वी. नसबंदीनंतर दहांपैकी साधारण नऊ बोके फवारणी सोडतात किंवा ती फार कमी करतात.

अशी खूण सापडली की मांजर नाक लावून हुंगतं, कधी चाटतं, मग एकदम थबकतं. वरचा ओठ मागे ओढला जातो, तोंड अर्धवट उघडं राहतं, डोळे किंचित मिटतात. घाण वास आल्यामुळे ते तोंड वाकडं करत आहे, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ते त्या वासाचा बारकाईने तपास करत असतं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूवरच्या एका छोट्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. त्यांतून वासाची द्रव्यं नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या दोन नळीसारख्या पिशव्यांत जातात. डॅनिश शल्यविशारद ल्युडविग जेकबसन यांच्या नावाने हा अवयव ओळखला जातो. उडून नाकात न शिरणारे जड रेणूही लाळेत मिसळून इथे पोहोचतात. इथल्या मज्जातंतूंचा मार्गही नेहमीच्या वासापेक्षा वेगळा असतो. तो मेंदूच्या भावना आणि संप्रेरकं सांभाळणाऱ्या भागांकडे जातो. या मुद्रेला फ्लेमेन म्हणतात. माजावर आलेल्या भाटीचं मूत हुंगणारा बोका ती हमखास करतो, पण भाट्याही करतात.

फ्लेमेन काही सेकंदांत संपतं आणि तेही एखादी जागा किंवा वस्तू हुंगल्यावरच होतं. मांजर काहीच न हुंगता तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तो श्वासाचा त्रास आहे. त्याला तातडीने दवाखान्यात न्यायला हवं. बोका पुन्हापुन्हा बसून कुंथत असेल आणि जेमतेम थेंबच येत असतील, तर तीही फवारणी नव्हे. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी एक दिवस वाट पाहणंही जिवावर बेततं.

वाघही याच कुळातला. ताडोबात झाडाच्या बुंध्यावर मागे फवारा मारणारा आणि दुसऱ्याच्या खुणेशी ओठ वर करून उभा राहणारा वाघ अनेकांनी पाहिला असेल. रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली दाखवून दिलं की बासमतीला जो रेणू सुवास देतो, तोच वाघाच्या या फवाऱ्यात असतो. फवाऱ्यातले स्निग्ध पदार्थ तो वास धरून ठेवतात, म्हणून खूण बराच काळ वाचता येते.

हे सगळं घरात कुठे उपयोगी पडतं, ते एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. समजा, मनी आणि सोनी या दोघी बहिणी एकाच टोपलीत झोपतात. मनीला नसबंदीसाठी नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. सोनी पुढे आली, हुंगलं आणि फिस्कारून तिने पंजा मारला. घरची माणसं चक्रावतात, सोनीला रागावतात. पण सोनीच्या लेखी मनी अजून घरी आलेलीच नाही. आली आहे ती मनीच्या रूपातली कुणी परकी, जिच्या अंगाला स्पिरिटचा, औषधाचा आणि दवाखान्यातल्या घाबरलेल्या जनावरांचा वास आहे. दोघींनी एकमेकींवर घासून तयार केलेला सामाईक वास त्याखाली दबला आहे.

अशा वेळी दोघींची तोंडं जवळ धरून ओळख करून द्यायला जाऊ नये. त्यातून दोघींना मार बसतो आणि कधी वैर कायमचं राहतं. मनीला आंघोळही घालू नये. टाक्यांना ते चालत नाहीच, शिवाय तिचा उरलासुरला वासही धुतला जातो. तिला वेगळ्या खोलीत ठेवावं, अंथरायला घरातलंच तिचं न धुतलेलं फडकं द्यावं. सोबत पाणी आणि मातीचा ट्रे ठेवावा. त्या खोलीत फिनेल मारू नये. त्याचा उग्र वास सगळ्या खुणा बुजवतो आणि त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. ती पंजावरून चाटली जातात आणि विषबाधा होते.

मनीची गुंगी उतरली, ती खायला लागली, की एक सुती मोजा घेऊन सोनीच्या गालांवर हलकेच फिरवावा आणि मनीच्या ताटलीशेजारी ठेवावा. दुसरा मोजा मनीच्या गालांवर फिरवून सोनीला द्यावा. टाके मात्र टाळावेत. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींना एकाच वेळी खायला घालावं. सोनी मोज्याला फिस्कारली किंवा लांब जाऊन बसली, तर दार बंदच ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी मोजे पुन्हा फिरवावेत. बहुतेकदा एक-दोन दिवसांत काम होतं, क्वचित आठवडा लागतो. ती मोजा हुंगून खाण्याकडे वळली किंवा त्यावर गाल घासू लागली, की दार थोडा वेळ उघडायला हरकत नाही.